हृदयविकाराचा जनुकीय स्कोअर काढला, गोळी मात्र दुसऱ्याच तपासणीवर सुरू झाली

बाबांना २००८ मध्ये अटॅक आला तेव्हा ते ५२ वर्षांचे होते. गेल्या काही महिन्यांत हे वाक्य मी इतक्या फॉर्मांवर लिहिलं आहे की घरच्या पत्त्यासारखं ते हातात बसलं आहे. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त कामाची ठरलेली माहिती हीच होती आणि ती फुकट होती, हे मला साडेअकरा हजार रुपये खर्च झाल्यावर कळलं.

मी ४३ वर्षांचा, नागपूरकर, टेबलावर बसून करायची नोकरी. १८ नोव्हेंबर २०२४ ला ऑफिसची वार्षिक तपासणी झाली. टोटल कोलेस्टेरॉल २१८, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १६५, ‘वाईट’ म्हणतात ते एलडीएल १४४. बीपी वरचं १२८. साखर ठीक. सिगारेट नाही, तंबाखू-सुपारीचा खर्राही नाही. (हे नागपुरात वेगळं सांगावं लागतं. तपासणीच्या फॉर्मवर फक्त ‘धूम्रपान’ असा रकाना असतो, त्यामुळे दिवसाला चार खर्रे खाणारा आमच्या सेक्शनमधला माणूस अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहून मोकळा होतो.) ऑफिसच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, ‘तेल कमी करा, चाला’ म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं.

मी अंबाझरीला चालायला लागलो. पण डोक्यात ५२ हा आकडा घुमत होता. त्यातच डिसेंबरमध्ये एका मित्राने जनुकीय तपासणीची जाहिरात पाठवली. लाळेचा नमुना द्या, हृदयविकाराचा आणि कोलेस्टेरॉलचा ‘पॉलीजेनिक रिस्क स्कोअर’, म्हणजे डीएनएमधल्या अनेक लहान फरकांवरून काढलेला धोक्याचा आकडा, घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नव्हती. हे सोयीचं वाटलं. पुढे त्याचाच फटका बसला.

जानेवारी ते मार्च: लाळ आणि वाट

४ जानेवारीला पैसे भरले, ११,५०० रुपये. ११ तारखेला कुरिअरने डबी आली. संमतिपत्र नऊ पानांचं होतं. बहुतेक जण ते खाली सरकवून सही करत असतील, पण सातव्या पानावर ‘माझा डेटा संशोधनासाठी व भागीदार संस्थांना देण्यास हरकत नाही’ या चौकोनात खूण आधीच केलेली होती. मी ती काढली. तपासणी त्यामुळे अडली नाही.

नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही असं लिहिलं होतं. मी सकाळचा चहा घेऊन वीस मिनिटांनी डबी भरली, कुरिअरवाला दारात उभा होता म्हणून. २७ जानेवारीला मेसेज आला की डीएनए पुरेसा मिळाला नाही, नमुना पुन्हा द्या. चहामुळेच झालं का हे कोणी सांगितलं नाही. दुसरी डबी १ फेब्रुवारीला भरली, यावेळी सकाळी उठल्याउठल्या, नुसत्या पाण्याने चूळ भरून अर्धा तास थांबून. बायको म्हणाली, “नैवेद्यालाही एवढं सोवळं पाळत नाही तुम्ही.”

१० मार्चला, सोमवारी संध्याकाळी, अहवाल आला. पान १ वर मोठ्या लाल अक्षरांत:

हृदयविकाराचा जनुकीय धोका – अति उच्च. ९४ वा पर्सेंटाइल. चौपट धोका.

त्याखाली एलडीएल कोलेस्टेरॉलचा वेगळा स्कोअर, ६१ वा पर्सेंटाइल, पिवळ्या रंगात. पुढची चौदा पानं पालक, अक्रोड आणि ताणतणावाबद्दल होती.

त्या रात्री झोप लागली नाही. चौपट म्हणजे कशाच्या चौपट, हा प्रश्न मला सुचलाच नाही. डोळ्यांसमोर फक्त बाबांचा २००८ चा आयसीयूतला चेहरा. सकाळी डाव्या खांद्यात दुखल्यासारखं वाटायला लागलं. ते उशीमुळे होतं.

१५ मार्च: धंतोली

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी शनिवारी धंतोलीतल्या एका हृदयरोगतज्ज्ञांची वेळ मिळाली. फी ८००, वाट अडीच तास. डॉक्टरांनी अहवालाचं पहिलं पान पाहिलं, उलटं करून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “हे बाजूला ठेवू. वडिलांचं वय किती होतं?”

बावन्न म्हटल्यावर त्यांनी ते कागदावर लिहून त्याभोवती गोल केला. सख्ख्या पुरुष नातेवाइकाला ५५ च्या आत आणि स्त्रीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर त्याला अकाली धरतात. मग त्यांनी माझे नोव्हेंबरचे आकडे संगणकावर एका अमेरिकन कॅल्क्युलेटरमध्ये घातले. पुढच्या दहा वर्षांत अटॅक किंवा पक्षाघात येण्याची शक्यता २.४ टक्के आली. ५ च्या खाली कमी धोका, ५ ते ७.५ सीमेवर, ७.५ ते २० मध्यम, आणि २० च्या वर जास्त, असे त्याचे कप्पे आहेत. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की या कॅल्क्युलेटरमध्ये भारतीय असा पर्याय नाही, घराण्याचा इतिहास विचारत नाहीत आणि आपल्या लोकांच्या बाबतीत ते धोका कमी दाखवतं. “पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.”

मग त्यांनी अहवाल सुलटा केला.

“चौपट म्हणजे कोणाच्या चौपट, वाचलं का?”

पान ४ वर, तळाशी, बारीक अक्षरांत होतं: सर्वांत कमी धोका असलेल्या २० टक्के लोकांच्या तुलनेत. म्हणजे वर्गातल्या अगदी वरच्या मुलाची तुलना अगदी खालच्या बाकाशी. सरासरी माणसाशी तुलना केली तर तो आकडा निम्म्यावर येतो. त्यांनी ते मांडूनच दाखवलं. हा स्कोअर सरासरीपासून किती दूर आहे ते पायऱ्यांमध्ये मोजतात, दर पायरीला धोका अंदाजे १.६ पट होतो असं धरू. ९४ वा पर्सेंटाइल म्हणजे सरासरीच्या वर साधारण दीड पायरी. तिथे धोका सरासरीच्या दुपटीच्या आसपास. खालच्या २० टक्क्यांचा त्यांच्यातला सरासरी स्कोअर एकूण सरासरीच्या खाली १.४ पायरी. दोन्ही अंतरं मिळून जवळजवळ तीन पायऱ्या, आणि १.६ चा तीन वेळा गुणाकार म्हणजे चार. आकडा खोटा नव्हता. फक्त मोजायला सुरुवात तळघरातून केली होती.

“आता २.४ ला दोनाने गुणा.” ४.८. जेमतेम पाचच्या कडेला. “तुमचा हा लाल रंग खरा मानला तरी तुम्ही कमी धोक्याच्या कप्प्यातून फार तर उंबरठ्यावर येता.”

मी विचारलं की मग ही तपासणी काहीच कामाची नाही का. त्यांचं उत्तर मला आवडलं, कारण त्यांनी सरळ ‘नाही’ म्हटलं नाही. एखाद्याचा धोका ६-७ टक्क्यांवर असेल, गोळी घ्यावी की नाही यावर डॉक्टर आणि पेशंट दोघंही अडले असतील, तर जास्त स्कोअर काटा एका बाजूला झुकवू शकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये असा एक प्रयोग झाला होता, २०१६ साली छापून आला. (नागपुरातलं आपलं मेयो रुग्णालय नव्हे, हे त्यांनीच हसून सांगितलं.) मध्यम धोक्याच्या दोनशे लोकांपैकी अर्ध्यांना नेहमीचा धोका सांगितला, अर्ध्यांना त्यासोबत जनुकीय स्कोअरही सांगितला. सहा महिन्यांनी स्कोअर कळलेल्यांचं सरासरी एलडीएल ९६.५ होतं, दुसऱ्या गटाचं १०५.९. फरक मुख्यतः एवढ्यानेच पडला की स्कोअर कळलेल्या जास्त लोकांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केली. पण त्यावरून सगळ्यांचा स्कोअर काढत सुटावं असं ठरलेलं नाही. युरोपच्या हृदयरोग संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्कोअर नेमाने काढू नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. कारण वय, बीपी, कोलेस्टेरॉल, धूम्रपान हे सगळं माहीत असताना वरून हा स्कोअर घातला तर कोणाला अटॅक येईल हे ओळखण्याची क्षमता जेमतेम वाढते.

एलडीएलच्या पिवळ्या स्कोअरवर तर त्यांनी वेळच घालवला नाही. “कोलेस्टेरॉल किती असेल याचं भाकीत कशाला? तीनशे रुपयांत मोजून मिळते ना ते.” तो स्कोअर उपयोगी पडतो ती जागा वेगळी. एलडीएल १९० च्या वर असेल तर एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा आनुवंशिक आजार, फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, शोधतात. एलडीएलआर, एपीओबी, पीसीएसके९ ही त्यातली मुख्य जनुकं. तिथे बिघाड सापडला नाही, तर अनेक लहान फरक एकत्र येऊन आकडा चढला असावा, हे तो स्कोअर सांगतो. माझं एलडीएल १४४. तो प्रश्नच नव्हता. आणि हेही त्यांनी बजावलं की या दोन तपासण्या एक नाहीत: पॉलीजेनिक स्कोअर कमी आला म्हणून त्या एका जनुकाचा आजार नाही, असं होत नाही.

किराणा बिल आणि इतवारीचे भाव

हा स्कोअर बनतो कसा, हे मला त्यांनी किराणा बिलावर समजावलं. आपल्या डीएनएमध्ये लाखो ठिकाणी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. एकेका फरकाने धोका पैशा-दोन पैशांनी वाढतो किंवा घटतो. माझ्याकडे कोणते फरक आहेत ती झाली सामानाची यादी. प्रत्येकाची किंमत ठरलेली. सगळ्यांची बेरीज म्हणजे स्कोअर. माझ्या अहवालातल्या बिलात ६६ लाख ओळी होत्या.

“पण भाव कुठल्या बाजाराचे?” त्यांनी विचारलं. “लंडनच्या दुकानातली किमतींची यादी घेऊन तुम्ही इतवारीत बिल करून राहिले.”

फरकांच्या किमती बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून काढलेल्या असतात. आपल्याकडे तेच फरक कमी-जास्त प्रमाणात आढळतात, म्हणून एकूण भारतीयांच्या बेरजाच इकडे-तिकडे सरकतात. अशा वेळी माझी बेरीज युरोपीय रांगेत उभी केली तर मी नको तितका पुढे किंवा मागे दिसतो. ती भारतीयांच्या रांगेतच उभी करायला हवी. स्कोअर दक्षिण आशियाई लोकांत अगदी निकामी ठरतो असं नाही, २०२० मध्ये बांगलादेश आणि भारतातल्या लोकांवर तो तपासला गेला आणि चालतो असं दिसलं. रांग मात्र आपली हवी.

त्यांनी मला लॅबला विचारायला तीन प्रश्न लिहून दिले: कोणता स्कोअर वापरला त्याचा क्रमांक, पर्सेंटाइल कोणत्या लोकसमूहाच्या तुलनेत काढला, आणि ६६ लाखांपैकी किती जागा प्रत्यक्ष वाचल्या व किती अंदाजाने भरल्या. मी त्याच संध्याकाळी ईमेल केला.

निघताना त्यांनी एकच तपासणी लिहून दिली: लायपोप्रोटीन (ए). डॉक्टर मंडळी तिला एल-पी-ए म्हणतात. एलडीएलसारखाच कण, पण त्याला एक जास्तीचं प्रथिन चिकटलेलं. रक्तातलं त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे एका जनुकावरून ठरतं, खाण्या-चालण्याने फारसं बदलत नाही, म्हणून बहुतेकांना आयुष्यात एकदा मोजलं की पुरतं. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जुलै २०२४ च्या सूचनांत ते प्रत्येकाने एकदा तरी मोजावं असं म्हटलंय. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर जास्त, आणि आपल्याकडे दर चारांपैकी एकाचं जास्त असतं.

मी म्हटलं, “पण सहासष्ट लाख जागांत हे आलंच असेल ना?”

“तिथंच तर गोम आहे.” युरोपीय लोकांत हे प्रथिन वाढवणारे जे दोन ठळक फरक यादीत असतात, ते आपल्याकडे क्वचितच सापडतात. आपलं प्रमाण बरंचसं त्या जनुकातला एक तुकडा किती वेळा पुन:पुन्हा येतो त्यावर ठरतं, आणि लाळेतला डीएनए वाचणाऱ्या चिपला तो मोजता येत नाही. म्हणजे बिलातली सगळ्यात महाग वस्तू यादीतून सुटू शकते.

१६ मार्चला, रविवारी, रक्त दिलं. १,२०० रुपये. उपाशीपोटी जायची गरज नव्हती. १८ तारखेला फोनवर अहवाल आला: ६८ मिलिग्रॅम. कुठेही लाल रंग नाही, शेजारी एक लहान बाण, वरच्या दिशेने. (मागवताना एकक बघून घ्या. काही लॅब मिलिग्रॅममध्ये देतात, काही नॅनोमोलमध्ये. दोन आकड्यांची तुलना होत नाही आणि एकाने गुणून दुसरा नेमका काढता येत नाही.)

लॅबचं उत्तर

२७ मार्चला लॅबकडून उत्तर आलं, दोन आठवणी दिल्यावर. स्कोअरचा क्रमांक PGS000013. तो pgscatalog.org वर घालून पाहिला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला, ब्रिटनच्या बायोबँकेतल्या लोकांवर पारखलेला. पर्सेंटाइल ‘प्रमाणित संदर्भसमूहा’च्या तुलनेत, आणि तो समूह म्हणजे युरोपीय. चिपने प्रत्यक्ष साडेसहा लाखांच्या आसपास जागा वाचल्या, बाकीच्या शेजारच्या जागांवरून ताडून भरल्या. सोबत एक नवा अहवाल, ‘सुधारित’ असा शिक्का मारून, यावेळी दक्षिण आशियाई समूहाच्या तुलनेत: ७९ वा पर्सेंटाइल. लाल रंगाचा केशरी झाला होता. माफीचा शब्द नव्हता, ‘आपल्या सूचनेचे स्वागत आहे’ असं होतं.

डीएनए तोच, बेरीज तीच, फक्त रांग बदलली आणि मी ९४ वरून ७९ वर आलो. सतरा दिवस मी ज्या आकड्याने हैराण होतो तो ईमेलमधल्या एका प्रश्नाने उतरला. विचारलं नसतं तर उतरलाही नसता.

ही दक्षिण आशियाई रांग कोणाची, हेही मी मग शोधलं. अशा कामात बहुधा वापरला जाणारा ‘१००० जीनोम’ प्रकल्पाचा संच घ्या. त्यात दक्षिण आशियाई म्हणून आहेत लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ह्यूस्टनमधले गुजराती, आणि ब्रिटनमधले तेलुगू व श्रीलंकन तमिळ. मराठी माणूस नाही. माझ्या अंदाजाने भरलेल्या साठेक लाख जागा अशाच कोणाकडून उसन्या आल्या असणार. गंमत म्हणजे पहिली डबी घरी आली त्याच्या दोनच दिवस आधी, ९ जानेवारीला, भारतातल्या सुमारे दहा हजार लोकांचा जीनोम इंडियाचा डेटा संशोधकांसाठी खुला झाला. त्याने जागा भरण्याचं काम सुधारेल. किमतींची यादी मात्र तेवढ्याने बदलत नाही. त्यासाठी आपल्या लाखो लोकांचा डीएनए आणि त्यांच्यापैकी कोणाला अटॅक आला, कोणाला नाही, या दोन्हींची सांगड लागते.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मग माझा केशरी रंगावरचाही विश्वास उडाला. २०२४ मध्ये जामा या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात हृदयविकाराचे चाळीसहून जास्त वेगवेगळे स्कोअर एकाच लोकांवर चालवून पाहिले. गटांच्या पातळीवर बहुतेक सारखेच बरे. पण माणसं एकेकटी घेतली तर दर पाचांतला एक जण एका स्कोअरने सर्वांत वरच्या ५ टक्क्यांत आणि दुसऱ्याने सर्वांत खालच्या ५ टक्क्यांत बसत होता. म्हणजे मी दुसऱ्या कंपनीकडे गेलो असतो तर कदाचित हिरवा अहवाल घेऊन निवांत झोपलो असतो. एलपीए तेव्हाही ६८ असतं.

२९ मार्च: निर्णय

दुसऱ्या भेटीला फी ५०० आणि वाट फक्त तासभर. डॉक्टरांनी जुनाच कागद पुढे ओढला. ७९ वा पर्सेंटाइल म्हणजे सरासरीच्या सुमारे १.५ पट, २.४ चे झाले ३.६. “आणि हेही पूर्ण धरू नका. स्कोअरमधला काही भाग कोलेस्टेरॉलमधूनच काम करतो, आणि कोलेस्टेरॉल आपण आधीच हिशोबात घेतलं आहे. एकच खर्च दोनदा लिहिल्यासारखं होते.” मग त्यांनी स्कोअरवर तिरकी रेघ मारली आणि खाली तीन गोष्टी उरल्या: वडील ५२, एलपीए ६८, एलडीएल १४४.

एलपीए स्टॅटिनने कमी होत नाही. पण ते जन्मभर जास्त राहणार असेल तर जे कमी करता येतं ते, म्हणजे एलडीएल, अधिक खाली आणायचं असा विचार. माझ्यासाठी त्यांनी १०० च्या आतलं लक्ष्य ठेवलं, जमलं तर ७० कडे. रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम, रात्री एक.

मी स्पष्ट विचारलं, स्कोअर ९४ च राहिला असता तर गोळी बदलली असती का? “नाही.” आणि ४० आला असता तर? “वडील आणि एलपीए तेच असते ना? मग तरी नाही.” हृदयाच्या कॅल्शियमचा सीटी स्कॅन करू का, हेही विचारलं. गोळीबद्दल मन तयार नसेल तर करू, म्हणाले. पण ४३ व्या वर्षी शून्य आला तरी त्याने निश्चिंत होता येत नाही, कारण या वयात धमनीतला थर अजून चुनाळलेला नसतो. मन तयार होतं. स्कॅन केला नाही.

यकृतासाठी एसजीपीटी आणि साखरेसाठी एचबीए१सी आधी करून घेतलं, ४५० रुपये, दोन्ही ठीक. पहिली गोळी ३० मार्चला, पाडव्याच्या रात्री घेतली. सकाळी कडुनिंब, रात्री स्टॅटिन. दहाव्या दिवशी पोटऱ्या दुखल्या, घाबरून फोन केला. त्यांनी विचारलं, दोन्ही पाय की एक, लघवीचा रंग गडद आहे का, काही नवीन केलं का. आदल्या दिवशी मी फुटाळ्यापर्यंत दीडपट चाललो होतो. दोन दिवसांत थांबलं.

३१ मेला, नवतपात, सकाळी सातला घामाघूम होऊन रक्त दिलं. एलडीएल ८१. एलपीए पुन्हा मोजलं नाही.

पैशांचं सांगतो. जनुकीय तपासणी ११,५००. बाकी सगळं, दोन्ही भेटी, एलपीए, रक्ततपासण्या धरून, साडेतीन हजारांच्या आत. ऑफिसला बिलं लावली. एलपीए आणि रक्ताची बिलं मंजूर झाली, कारण चिठ्ठी होती. जनुकीय तपासणीचं बिल ‘वैद्यकीय सल्ल्याविना’ असा शेरा मारून परत आलं. क्लार्क म्हणाला, “साहेब, कोणी लिहून दिलं नव्हतं तर काहून केलं मग?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुन्या करप्रणालीत असाल तर प्रतिबंधक तपासणीचे ५,००० पर्यंत दाखवता येतात, पावती जपून ठेवा.

एलपीए आईवडिलांकडून येतं, म्हणून ताईने अमरावतीला तपासून घेतलं. तिचं २१. मग बाबांना नेलं. ते आता ६९ वर्षांचे, २००८ पासून स्टॅटिन आणि अॅस्पिरिनवर; तेव्हा ही तपासणी कोणी केली नव्हती. अहवाल आला: ७४.

धंतोलीत डॉक्टरांसमोर बाबांनी तो कागद दोनदा वाचला. सतरा वर्षं त्यांनी तळलेलं खाल्लं नाही, लग्नाकार्यात ताटावरून उठले, आणि अटॅकचा विषय निघाला की दर वेळी ‘माझंच खाणं नडलं’ म्हणायचे.

“म्हणजे डॉक्टर साहेब,” ते म्हणाले, “सावजीचा दोष नव्हता?”

“सावजीचाही होता,” डॉक्टर म्हणाले. “पण एकट्या सावजीचा नव्हता.”

घरी येताना बाबांनी गाडीत तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, आईला दाखवायला.